सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, मग बँक कर्ज देणार कसं?

"जमीन आमचीच आहे, तीन पिढ्या आम्हीच कसतोय, अख्ख्या गावाला विचारा" हे वाक्य गावाकडच्या कुठल्याही बँकेच्या शाखेत रोज ऐकायला मिळतं, आणि गंमत म्हणजे ते शंभर टक्के खरं असतं. बँकवालाही ते खोटं मानत नाही. तरी फाईल परत येते, आणि माणूस चिडून म्हणतो की बँका फक्त श्रीमंतांना कर्ज देतात. पण यामागं जे कारण आहे ते नीट समजून घेतलं तर मालकी हक्क या प्रकाराला एवढं महत्त्व का, आणि स्वच्छ कागद असला की माणूस जमिनीत पैसा घालायला आणि कर्ज काढायला का तयार होतो, हे सगळंच उलगडतं. म्हणून एकच उदाहरण घेऊन सविस्तर सांगतो.

समजा सांगोल्याकडे एका घराची 2 हेक्टर 40 आर जमीन आहे, म्हणजे ढोबळ सहा एकर. आजोबांनी ती स्वतःच्या पैशानं विकत घेतलेली. आजोबा 1994 ला गेले, आजी नंतर काही वर्षांनी. मागं दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे थोरले, धाकटे आणि आत्या. आत्या लग्न होऊन मुंबईला. सातबाऱ्यावर मात्र अजून आजोबांचंच नाव, कारण कुणाला कधी गरजच पडली नाही. तोंडी वाटणी झालेली आहे, बांधाच्या अलीकडं थोरले, पलीकडं धाकटे, आत्यानं कधी काही मागितलं नाही, दिवाळीला माहेरी येते, पोतंभर ज्वारी घेऊन जाते. भांडण नाही, तंटा नाही, सगळं गुण्यागोविंदानं चाललंय.

आता धाकट्यांच्या मुलाला दोन एकरात डाळिंब लावायचंय. त्यासाठी विहीर खोल करायची, पाईपलाईन, ठिबक, रोपं, सगळं मिळून समजा आठ लाख रुपये. डाळिंब लावलं की लगेच पैसा येत नाही, पहिला नीट बहार धरायला दोनेक वर्षं जातात, तोवर फक्त घालत राहायचं. इथंच पहिला प्रश्न येतो आणि तो बँकेचा नाही, घरातलाच आहे. आज मी विहिरीत चार-पाच लाख घातले आणि उद्या खरी वाटणी झाली तेव्हा विहिरीचा तुकडा चुलत्याकडं गेला तर? चुलता आज म्हणतोय "घाल रे, तुझंच आहे", पण त्याची पोरं पुण्यात आहेत, ती उद्या काय म्हणतील ते कोण सांगणार? हा विचार कुणी मोठ्यानं बोलत नाही पण तो मनात असतोच. म्हणून अशा शेतात बघा, ज्वारी असते, तूर असते, सहा महिन्यात पैसा मोकळा होईल असं काहीतरी असतं, पण दहा-पंधरा वर्षं टिकणारी बाग किंवा विहीर सहसा नसते. जमीन वाईट म्हणून नव्हे. आपण घातलेलं आपल्याकडंच राहील याची खात्री नाही म्हणून.

ही खात्री किती काम करते हे बघायला एक फार चांगलं उदाहरण अर्जेंटिनातलं आहे. ब्युनोस आयर्सच्या बाहेर सान फ्रान्सिस्को सोलानो म्हणून भाग आहे, तिथं 1981 मध्ये सुमारे 1,800 कुटुंबांनी मोकळ्या जागेवर वस्ती केली. त्यांना वाटलं होतं जागा सरकारी आहे, निघाली खासगी, आणि तीही तुकड्या-तुकड्यात वेगवेगळ्या मालकांची. 1984 मध्ये कायदा झाला की सरकार ही जागा मालकांकडून भरपाई देऊन घेणार आणि राहणाऱ्यांच्या नावावर करणार. काही मालकांनी भरपाई घेतली, त्यांच्या तुकड्यावरच्या कुटुंबांना पक्की कागदपत्रं मिळाली. काही मालक कोर्टात गेले, तिथली कुटुंबं वर्षानुवर्षं लटकली. म्हणजे तीच माणसं, तशीच घरं, तीच गल्ली, पण एकाकडं कागद आणि शेजाऱ्याकडं नाही, आणि कुणाला मिळावं हे त्या कुटुंबांच्या हातात अजिबात नव्हतं. गॅलियानी आणि शार्ग्रोड्स्की या दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर या दोन्ही गटांची तुलना केली. ज्यांच्याकडं कागद होता त्यांची घरं चांगली झाली होती, भिंती, छप्पर, सगळं सुधारलेलं, आणि त्यांची मुलं जास्त शिकली होती. पण कर्जाच्या बाबतीत फरक अगदी थोडा, कारण बँकेला कागदाच्या पलीकडं पगार, नियमित उत्पन्न हेही लागतं, आणि ते दोन्ही गटांकडं सारखंच कमी होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण बरेच लोक समजतात कागद झाला की कर्ज आपोआप मिळतं. कागदानं आधी माणूस स्वतःचा पैसा आणि घाम घालायला धजतो. कर्ज ही त्याच्या पुढची पायरी आहे.

तर आता त्या पायरीवर येऊ. धाकट्यांचा मुलगा सातबारा आणि आठ-अ घेऊन बँकेत गेला. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तारण मागायचं नाही असं आहे, पण त्यालासुद्धा बँक सातबारा बघतेच, कारण तुमच्या नावावर किती क्षेत्र आहे त्यावर पीककर्ज किती द्यायचं ते ठरतं. आणि याला तर आठ लाख हवेत, म्हणजे जमीन गहाण आलीच. मॅनेजर पहिल्या ओळीत बघतो, नाव आजोबांचं. मयत माणूस गहाणखतावर सही करू शकत नाही, विषय संपला.

बरं समजा नावं लावली, वारस म्हणून तिघांची नावं आली, तरी अडतंच. कारण आता जमीन सामाईक आहे. सामाईक म्हणजे त्या सहा एकराच्या प्रत्येक ढेकळात तिघांचाही हिस्सा. धाकट्यांनी आपला एक तृतीयांश गहाण ठेवला आणि कर्ज थकलं, तर बँक लिलावात विकणार काय? बांधाच्या पलीकडचे दोन एकर नव्हे, कारण ती वाटणी फक्त तोंडी आहे. विकता येईल तो न वाटलेला हिस्सा, आणि तो घेणाऱ्याला मिळणार काय तर वाटणीचा दावा लावायचा हक्क, म्हणजे अनोळखी भावकीशी कोर्टात भांडायचा हक्क. असं कोण विकत घेईल? आणि जे कुणी विकत घेणार नाही ते बँकेच्या हिशोबात तारण नाहीच. त्यामुळं बँक म्हणते एकतर तिघांच्याही सह्या आणा नाहीतर वाटणी करून या. थोरले सही देतील, पण दुसऱ्याच्या कर्जासाठी आपली जमीन अडकवायला आत्याचे यजमान का तयार होतील, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा.

सोन्याचं बघा याउलट. बांगड्या घेऊन गेलात की अर्ध्या तासात पैसे, कारण वस्तू हातात, कस लावला की किंमत कळली, आणि नाही फेडलं तर पटकन विकता येते. आपल्याकडं घरोघरी जमीन लाखोंची पडून असते आणि कर्ज मात्र बायकोच्या गळ्यातल्या दोन तोळ्यांवर निघतं, त्याचं कारण हे.

मग तो मुलगा सावकाराकडं जातो. सावकार कागद मागत नाही, तो गावचाच असतो, त्याला सगळं माहीत असतं, पण त्या माहितीची किंमत तो वसूल करतो. शेकडा तीन रुपये महिना म्हटलं तर वर्षाला 36 टक्के झाले, आठ लाखांवर 2 लाख 88 हजार नुसतं व्याज. बँकेचा दर समजा 11 टक्के धरला तर 88 हजार. फरक दोन लाखांचा, दरवर्षी, आणि बाग तर अजून फळावर आलेली नाही. या दरानं डाळिंब परवडतच नाही, त्यामुळं शहाणा मुलगा लावतच नाही. जे नुकसान झालं ते कुठंच नोंदलं जात नाही, कारण न लावलेल्या बागेचा पंचनामा होत नसतो.

हे सुटतं कसं? पहिलं काम वारस नोंद. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडं द्यायचं, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क वरून ऑनलाईन अर्ज करायचा. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. 2025 मध्ये सरकारनं जिवंत सातबारा म्हणून मोहीमच काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, त्यात बऱ्याच जणांची कामं झाली.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. आत्याचं नाव गाळू नका. पूर्वी सर्रास व्हायचं, मुलींची नावं लावायचीच नाहीत किंवा इतर हक्काच्या रकान्यात टाकून द्यायची. आजोबांची स्वतः कमावलेली जमीन असेल तर मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, आणि वडिलोपार्जित असली तरी 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलासारखीच सहहिस्सेदार आहे. नाव गाळलं की नोंद पटकन होते खरी, पण बँकेचा वकील जुने फेरफार काढून बसतो, कुटुंबात मुलगी आहे हे त्याला कळतं, आणि तो रिपोर्टमध्ये लिहितो की मालकी स्वच्छ नाही. झालं, दहा वर्षांपूर्वी वाचवलेला त्रास व्याजासकट परत. आणि त्याहून मोठं म्हणजे तो तिचा हक्क आहे, तिच्याशी बोलूनच काय ते ठरवायला हवं. तिला हिस्सा नको असेल तर तिनं हक्कसोडपत्र नोंदणी कार्यालयात जाऊन करून द्यावं, साध्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं चालत नाही. आणि हवा असेल तर तिचे 80 आर तिचे.

दुसरं काम वाटणी. सगळे राजी असतील तर जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो, किंवा वाटणीपत्र नोंदवता येतं. पण कुणी मालकीच्या हक्कावरच वाद घातला तर तहसीलदार थांबतात आणि प्रकरण दिवाणी कोर्टात जातं, मग किती वर्षं ते विचारू नका. वाटणी झाली की भूमी अभिलेखकडून मोजणी करून पोटहिस्से पाडायचे, नकाशात रेषा यायला पाहिजे, तेव्हा कुठं धाकट्यांच्या नावाचा वेगळा सातबारा 80 आरचा होतो आणि त्या तुकड्याला स्वतःच्या चतुःसीमा येतात. बरेच जण मोजणी टाळतात, खर्च नको आणि बांधावरून भांडण नको म्हणून, पण कागदावर 80 आर आणि जागेवर 72 निघाले तर ते बँकेच्या पाहणीत निघण्यापेक्षा आधीच निघालेलं बरं.

आता एवढं सगळं केल्यावर माणसाला वाटतं झालो आपण मालक. थोडं थांबा. सातबारा हा मुळात सारा कुणाकडून वसूल करायचा यासाठीचा महसुली कागद आहे. त्यावरची नोंद खरी आहे असं कायदा गृहीत धरतो, पण कुणी उलट पुरावा आणला की ते गृहीतक पडतं. फेरफारानं मालकी तयार होत नाही, ती खरेदीखत, वारसा, वाटणी यातून होते, हे कोर्टांनी कितीतरी वेळा सांगितलंय. नोंदणी कार्यालयातसुद्धा व्यवहाराची नोंद होते, विकणारा खरा मालक आहे याची हमी सरकार घेत नाही. काही देशांत घेतं, दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 पासून टोरेन्स पद्धत आहे, तिथं सरकारी रजिस्टरमध्ये नाव आलं म्हणजे तोच मालक, मागची साखळी उकरायची गरज नाही. आपल्याकडं ती हमी नसल्यामुळं प्रत्येक कर्जाला वकील लावून साधारण तीस वर्षांचा सर्च काढावा लागतो, आणि त्याचा खर्च आणि वेळ कर्जदाराच्याच माथी येतो. म्हणून बँकेत जायच्या आधी स्वतःच कागद बघून घ्या. मूळ खरेदीखत आणि सूची क्रमांक 2 वरचं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळतं का, भूधारणा वर्ग 1 आहे की वर्ग 2, कारण वर्ग 2 असेल तर विकायला सरकारी परवानगी लागते आणि बँक लगेच सावध होते. आणि इतर हक्कात जुना बोजा आहे का. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी फेडलेलं सोसायटीचं कर्ज तिथं तसंच बसलेलं असतं, कारण कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही, ना देय दाखला देऊन तो कमी करून घ्यावा लागतो.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की कागद स्वच्छ असले की सगळं भलंच होतं. आपल्याच मातीत याचा उलटा अनुभव आहे आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. 1835-36 च्या सुमारास इंग्रज अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून जमिनीची मोजणी नव्यानं सुरू केली, एकेका शेताला सर्व्हे नंबर, त्यावर ठरलेला सारा, तीस वर्षं न बदलणारा, आणि जो कसतो त्याच्या नावाला नोंद. पुढं 1865 च्या कायद्यानं हा कब्जेहक्क वारशानं जाणारा आणि विकता, गहाण ठेवता येणारा म्हणून पक्का झाला. म्हणजे दख्खनच्या कुणब्याच्या हातात तारण आलं. आणि खरोखरच कर्ज मिळायला लागलं, 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालू असताना कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा तर सावकार हात मोकळा सोडून द्यायचे. युद्ध संपलं, भाव कोसळले, वसुली सुरू झाली. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळं कर्जखत तीन वर्षांत जुनं व्हायचं, मग त्यावर कोर्टात दावा चालत नसे, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवं खत लिहून घ्यायचे, अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि कोर्ट फक्त खतावरचा आकडा बघायचं. 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोक उठले, आणि त्यांचा राग होता तो खतांवर, वह्यांवर, त्या काढून जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यात हे लोण पसरलं. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, त्यात कोर्टाला खताच्या मागं जाऊन मूळ मुद्दल किती होतं, व्याज किती घेतलं हे तपासायचा अधिकार मिळाला.

यात मला जमिनीच्या नोंदीचा दोष दिसत नाही. जमीन गहाण ठेवता येते म्हणजे ती जाऊही शकते, हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत, आणि जमीन नोंदवणारी यंत्रणा जेवढी पक्की झाली तेवढी कर्जाची शर्त तपासणारी यंत्रणा झाली नाही, घोटाळा तिथं झाला. पुढच्या कायद्यांनी हे बऱ्यापैकी ओळखलं. 2014 च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यात बेकायदा सावकारीतून बळकावलेली जमीन चौकशी करून परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. 2002 च्या सरफेसी कायद्यानं बँका कोर्टात न जाता थकबाकीदाराचं घर किंवा कारखाना ताब्यात घेऊ शकतात, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

हे संरक्षण हवंच, मी त्याच्या बाजूनं आहे. पण त्याची किंमत कोण देतं तेही बघा. शेतजमीन पटकन विकून वसुली होणार नाही हे बँकेला माहीत आहे, म्हणून आठ लाखांच्या कर्जाला ती पंचवीस-तीस लाखांची जमीन अडकवून वर जामीनदार मागते, आणि शहरातल्या फ्लॅटवाल्याला त्याहून कमी तारणावर जास्त पैसे देते. आदिवासी शेतकऱ्याची जमीन कितीही कसदार असो, ती घेऊ शकणारे थोडे, म्हणून बँक तिची किंमत कमीच धरते. त्यामुळं अशा शेतकऱ्याला विहिरीसाठी, बागेसाठी पैसा द्यायचा तर एकट्या तारणावर भिस्त ठेवून भागत नाही, तिथं सरकारी अनुदान, पिकाच्या उत्पन्नावर दिलेलं कर्ज, बचत गट किंवा सोसायटी हेच रस्ते उरतात, आणि त्यांची जबाबदारी सातबारा ऑनलाईन झाला म्हणून कमी होत नाही.